भावंडांची कादंबरी: लहानपणीचा प्रसंग मोठेपणीच्या दग्यात कसा उतरवावा

भावंडांच्या वैरावरची हस्तलिखितं वाचायला येतात तेव्हा साधारण एकच साचा दिसतो. तिसऱ्या प्रकरणात संक्रांतीला मोठा भाऊ धाकट्याचा पतंग फाडतो, पंचविसाव्यात तोच मोठा धाकट्याची जमीन लाटतो आणि सव्विसाव्यात धाकट्याला पतंग आठवतो. लेखकाला वाटतं, धागा जुळला. वाचकाला मात्र हे सगळं पंधराव्या प्रकरणातच कळलेलं असतं, आणि उरलेली दहा प्रकरणं तो लेखक कधी पोहोचतोय याची वाट बघत बसतो.

इथे चूक प्रसंगाच्या निवडीत नसते, ती कामाच्या क्रमात असते. बहुतेक जण आधी लहानपण लिहितात आणि मग त्याचीच मोठी प्रत काढून तिला दगा म्हणतात. खाली उलटा क्रम दिला आहे. उदाहरण म्हणून इंदूरच्या रामबागेतलं एक काल्पनिक घर घेतलं आहे: माधव, नलिनी आणि श्रीरंग ही तीन भावंडं, गिरणीत कारकून असलेले वडील, आणि आईच्या नावावर घेतलेलं घर.

## तयारी: लिहायला बसण्याआधीचे दोन कागद

पहिला कागद वयांचा. प्रत्येक महत्त्वाच्या सालासमोर प्रत्येक भावंडाचं वय लिहा. आमच्या उदाहरणात १९७८ साली माधव १२, नलिनी १० आणि श्रीरंग ७ वर्षांचा आहे. २००९ साली तेच तिघे ४३, ४१ आणि ३८ वर्षांचे आहेत. सात आणि बारा यांतलं अंतर प्रचंड असतं, तर अडतीस आणि त्रेचाळीस यांत ते जवळजवळ उरत नाही. कादंबरीत सत्ता सरकते ती याच जागी, आणि तक्ता केला नाही तर सात वर्षांचं पोर तुमच्या नकळत वकिलासारखं बोलायला लागतं.

त्याच तक्त्यात बाहेरच्या जगाचा एक रकाना ठेवा. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तुमच्या कथेतला बाप तिथे असेल, तर त्यानंतरच्या प्रकरणात तो डबा घेऊन पाळीवर जाऊ शकत नाही. तो घरी बसतो, थकलेल्या पैशांच्या गोष्टी करतो, आणि घर कोण चालवतं हे बदलतं. भावंडांच्या भांडणाला लागणारं बरंचसं इंधन अशा सालांतूनच मिळतं.

दुसरा कागद मालमत्तेचा. घर कोणाच्या नावावर, कधी घेतलं, कोणत्या कागदानं हस्तांतरित होणार, हे चार ओळींत लिहा. याची गरज पुढच्या टप्प्यात पडेल.

## टप्पा १: आधी दगा ठरवा

लहानपणाला अजून हात लावू नका. मोठेपणीचा दगा एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात कोणी कोणाला काय सांगितलं हे आलंच पाहिजे. “श्रीरंगनं घर बळकावलं” हे वाक्य चालणार नाही. त्यात फक्त निकाल आहे, कृती नाही.

आमचा दगा असा आहे. २००९ च्या जानेवारीत आईच्या खुब्याचं हाड मोडतं. माधव पुण्याला आहे, तो निघतो म्हणतो. श्रीरंग फोनवर सांगतो, “तू तिथेच थांब दादा, मी कळवतो.” त्याच आठवड्यात आई स्वखुशीनं घराचं दानपत्र श्रीरंगच्या नावे करते आणि साक्षीदार म्हणून नलिनी सही करते. पंधरा दिवसांनी आई जाते. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना श्रीरंग सांगतो, “बोलावलं होतं. दादाच आला नाही.”

आता स्वतःला विचारा, नेमका दगा यातला कोणता? पहिल्या खर्ड्यात नव्वद टक्के लेखक दानपत्राकडे बोट दाखवतील. पण घर आईच्या मालकीचं होतं, ते कोणाला द्यायचं हा तिचा हक्क होता, आणि श्रीरंगनं आठ वर्षं तिचं सगळं केलं होतं. खरा दगा फोनवरचं वाक्य आणि तेराव्याचं वाक्य या दोहोंच्या मध्ये आहे. न्यायालयात ज्याची दाद मागता येत नाही असा दगा निवडलात तर तो कादंबरीभर पुरतो. बनावट सहीचा दगा पोलीस स्टेशनात जातो आणि तिथून पुढे लेखकाच्या हातात काही राहत नाही.

सावधान: वकील सगळ्या कुटुंबाला समोर बसवून मृत्युपत्र वाचून दाखवतो, हा प्रसंग सिनेमातून आलेला आहे. आपल्याकडे असं वाचन व्हावंच लागतं असा काही नियम नाही. बहुतेक घरांत कागद कपाटातून निघतो, किंवा कोणीतरी झेरॉक्स दाखवतं. शिवाय मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत ते बदलू शकतो आणि त्याच्या मृत्यूनंतरच ते लागू होतं. दानपत्राची नोंदणी करावी लागते, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते देणाऱ्याच्या हयातीतच लागू होतं. तुमच्या कथेला कोणता कागद हवा हे घाईघाईनं ठरवू नका. आम्हाला साक्षीदार हवा होता, म्हणून दानपत्र घेतलं. आजारी माणसासाठी नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो, त्यामुळे प्रसंग कचेरीतून आईच्या खाटेपाशी आणता आला.

## टप्पा २: दगा देणाऱ्याला आजची कारणं द्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि मग लहानपणावर नको तेवढा भार येतो. एकतीस वर्षांपूर्वी कोणी रस्त्यात सोडून गेलं म्हणून आज माणूस भावाला आईच्या शेवटच्या दिवसांत लांब ठेवत नाही. त्याला आजच्या, या महिन्यातल्या, पैशाच्या आणि थकव्याच्या कारणांची गरज असते.

एक कागद घ्या आणि दगा देणाऱ्याच्या आवाजात पानभर लिहा. त्यात लहानपणाचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. श्रीरंगचं पान साधारण असं होईल:

“दादा येणार म्हणजे दोन दिवस येणार. आल्या आल्या डॉक्टरला इंग्रजीत चार प्रश्न विचारणार, नर्सला झापणार, आईच्या उशाशी बसून रडणार आणि परतीचं तिकीट खिशात चाचपत राहणार. आई मग म्हणेल, माधवलाही काहीतरी द्यायला हवं रे. आठ वर्षं रात्री उठून तिला मोरीपर्यंत नेलंय ते मी. बायकोचं माहेरपण बंद झालंय ते माझ्या. एकदा कागद होऊ दे, मग ये म्हणावं, महिनाभर राहा.”

तपासा: हे पान कादंबरीचा एकही शब्द न वाचलेल्या माणसाला द्या. त्याला श्रीरंगची बाजू थोडीतरी पटली पाहिजे. पटली नाही तर लहानपण लिहायला घेऊ नका. ज्या दग्याला आजचं कारण पुरत नाही, त्याला कालचं कारण जोडलं की कादंबरी मानसोपचाराच्या टिपणासारखी वाचायला लागते.

## टप्पा ३: आता लहानपणीचा प्रसंग शोधा

आता मागे जायचं. हातात दग्याची दोन वाक्यं आहेत: “तिथेच थांब” आणि “तोच आला नाही”. यांच्यासारखं काहीतरी लहानपणी कोणी कोणाला म्हटलं असेल, ते शोधायचं.

प्रसंग निवडताना तीन गोष्टी बघा. तो इतका लहान असावा की घरच्यांनी तो गंमत म्हणून पाहुण्यांना सांगितला असावा. त्यात मोठ्यांनी निवाडा केलेला असावा आणि तो चुकलेला असावा. आणि खरं काय ते माहीत असलेलं तिसरं कोणीतरी तिथे असावं, जे बोललं नाही. भाजणं, बुडणं, मरणं असले मोठे अपघात टाळा. त्यांच्या ओझ्याखाली दगा क्षुल्लक वाटायला लागतो.

आमचा प्रसंग इंदूरचाच घेतला. अनंत चतुर्दशीच्या रात्री तिथे गिरण्यांच्या झांक्या निघतात. दिव्यांनी लखलखणारे चालते देखावे रात्रभर शहरातून फिरतात आणि आजूबाजूच्या गावांतूनही लोक बघायला येतात. गिरणीत काम करणाऱ्या बापाला त्या रात्री आपल्या गिरणीच्या झांकीबरोबर चालायचं असतं, म्हणून पोरं थोरल्याच्या ताब्यात. जेल रोडला माधवच्या मित्राच्या घराला गॅलरी आहे, पण तिथे दोघांचीच जागा आहे. माधव नलिनीला घेऊन वर जातो आणि श्रीरंगला एका बंद दुकानाच्या ओटल्यावर उभं करून सांगतो, “इथेच थांब, हलू नकोस, मी आलोच.” तो पहाटे परततो. श्रीरंग तिथेच आहे, चड्डी ओली. घरी बाबा विचारतात तेव्हा माधव म्हणतो, “त्यानंच हात सोडला.” बाबा म्हणतात, “वेंधळा आहे कार्टा.” नलिनी दुधाच्या पेल्यात बघत बसते.

इथे इंदूर केवळ नेपथ्य म्हणून आलेलं नाही. बाप त्या रात्री गैरहजर का, याचं उत्तर शहरच देतं. तुमची कथा ग्वाल्हेरच्या मेळ्यात घडो किंवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात, जागेनं प्रसंगाला कारण पुरवलं पाहिजे. कारण नसेल तर पोहे-जिलबीचा उल्लेख कितीही वेळा केला तरी शहर पानावर येत नाही.

सावधान: दग्याचा दिवसही अनंत चतुर्दशीचाच घेण्याचा मोह होईल. आवरा. आम्ही हाड जानेवारीत मोडलं ते यासाठीच. तिथी जुळवली की लेखकाचा हात दिसतो.

## टप्पा ४: तिघांचे तीन जबाब

प्रसंग कादंबरीत घालण्याआधी तो तीन वेळा, तीन भावंडांच्या तोंडून, त्या वेळच्या वयात लिहून काढा. यातलं बरंचसं छापलं जाणार नाही, तरी हे काम टाळू नका.

माधव, १२: “सांगून गेलो होतो की. मधे एकदा खाली बघितलं, दिसला नाही, वाटलं कोणी ओळखीचं भेटलं असेल. गर्दी इतकी होती. बाबांनी मारलं असतं.”

नलिनी, १०: “मी दादाला म्हटलं होतं श्रीला पण घेऊ. तो म्हणाला मग तू उतर. मग मी नाही म्हटलं परत.”

श्रीरंग, ७: “दादा म्हणाला हलू नको. मी हललो नाही. भुट्टेवाल्यानं सांगितलं खाली बस, तरी नाही बसलो. सू आली तरी नाही हललो.”

आता तिन्ही जबाब शेजारी ठेवा आणि कुठे मेळ बसत नाही ते बघा. माधव म्हणतो, खाली बघितलं तेव्हा दिसला नाही. श्रीरंग म्हणतो, हललोच नाही. म्हणजे माधवनं बघितलंच नव्हतं, किंवा बघितलं आणि दिसला तरी गॅलरी सोडवली नाही. कादंबरीचं इंजिन ही विसंगतीच आहे. ती कुठेही सोडवू नका. माधवलाही आज याचं उत्तर माहीत नसावं.

नलिनीच्या जबाबाकडे लेखकांचं दुर्लक्ष होतं, कारण वैर दोन भावांचं असतं. पण तिघांत सर्वांत जास्त हिशेब तिच्याकडे आहे. ती गप्प राहिली ती निव्वळ भीतीपोटी नाही, गॅलरीतली जागा तिला मिळाली होती. पुढे दानपत्रावर सही करताना तिला काय मिळतं, हे याच जबाबातून ठरवायचं. आम्ही ठरवलं की तिला आईच्या पाटल्या मिळतात, आणि त्या ती मागत नाही, तिच्या हातात ठेवल्या जातात.

## टप्पा ५: काय पुढे न्यायचं, काय फिरवायचं

प्रसंगाचे सुटे भाग करा: कोण सांगतो, कोण थांबतो, कोण गप्प बसतो, कोणतं वाक्य, कोणती वस्तू, कोणाचा निवाडा. हे सगळे भाग दग्यात जसेच्या तसे आले की पतंगाची कादंबरी होते. एकही आला नाही तर वाचकाला संबंधच लागत नाही. माझा अंदाज असा की दोन भाग तसेच न्यावेत, एक उलटा करावा, आणि बाकीचे सोडून द्यावेत.

आमच्याकडे तसेच गेलेले दोन भाग म्हणजे “थांब” हे सांगणं आणि नलिनीचं गप्प बसणं. उलटा केलेला भाग म्हणजे कोण सांगतो आणि कोण थांबतो. ओटल्यावर उभं राहिलेला पोरगा आता फोनवरून थांबायला सांगतो आहे, आणि गॅलरीतला माधव पुण्यात बॅग भरून थांबला आहे. सोडून दिलेले भाग: भुट्टेवाला, दिवे, ओली चड्डी. ते दग्याच्या प्रकरणात चुकूनही डोकावू नयेत.

कोणता भाग फिरवायचा हे ठरवताना वयांच्या तक्त्याकडे परत जा. बारा वर्षांच्या मुलाकडे सत्ता होती ती वयामुळे. अडतीस वर्षांच्या माणसाकडे ती आईच्या खाटेपाशी असल्यामुळे आली. जिथे सत्तेचा आधार बदलतो तिथे भूमिका फिरवणं नैसर्गिक वाटतं. आधार बदलला नसेल आणि तरी भूमिका फिरवली, तर तो सूड वाटतो. सूड ही वेगळी कादंबरी आहे, तिथे माणसाला आपण काय करतोय ते माहीत असतं.

तपासा: दगा देताना श्रीरंगला जेल रोड आठवतो का? आठवत असेल तर टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ६: प्रकरणांत पेरणी

तीस प्रकरणांची कादंबरी धरली तर आम्ही प्रसंग चार जागी ठेवला, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तोंडून.

तिसऱ्या प्रकरणात तो विनोद म्हणून येतो. कोणाच्या तरी लग्नात आत्या सांगते, “आमचा श्रीरंग रात्रभर ओटल्यावर उभा, जणू तोच झांकी!” सगळे हसतात, श्रीरंगही हसतो. चौदाव्यात माधवच्या मुलाच्या मुंजीत माधव तीच गोष्ट सांगतो, पण आता त्यात “मी दोनदा येऊन बघून गेलो” हे वाक्य वाढलेलं असतं. नलिनी वाढायला उठते. बाविसाव्यात फोन येतो, आणि तिथे जुन्या रात्रीचं फक्त एक क्रियापद आहे: थांब. अठ्ठाविसाव्यात, तेरावं उरकल्यावर, सात वर्षांच्या श्रीरंगची रात्र पहिल्यांदा पूर्ण येते.

पूर्ण प्रसंग सुरुवातीला न देण्याचं कारण साधं आहे. तो तिथे दिला तर वाचक श्रीरंगच्या बाजूनं उभा राहतो आणि पुढे दगा होताना “बरं झालं” म्हणतो. उलट, आधी विनोद, मग दगा, मग रात्र अशा क्रमानं गेलात तर वाचकाला श्रीरंगची चीड आलेली असते, आणि तेव्हाच तो ओटल्यावर उभा दिसतो. दोन्ही भावना एकाच वेळी हातात आल्या की वाचकाला पक्ष घेता येत नाही.

सावधान: दग्याच्या प्रकरणाला लागून आधी किंवा नंतर लहानपणाचं प्रकरण ठेवू नका. मध्ये किमान चार-पाच प्रकरणांचं अंतर हवं, आणि त्या प्रकरणांत दुसरंच काहीतरी चालू असावं. आमच्याकडे तिथे आईचं आजारपण, बिलं, नलिनीच्या मुलीचं लग्न ठरणं आणि पाटल्यांचा विषय येतो.

## टप्पा ७: खाडाखोड

पहिला खर्डा झाला की तांबडी शाई घ्या आणि खालचे शब्द जिथे जिथे येतील तिथे थांबा: “तसंच”, “पुन्हा एकदा”, “त्या रात्रीसारखं”, “आठवलं”, “लहानपणी”. दग्याच्या प्रकरणात यातला एकही ठेवायचा नाही. फरक किती पडतो ते बघा.

आधीचं: “तू तिथेच थांब दादा,” श्रीरंग म्हणाला. माधवला क्षणभर जेल रोडची ती रात्र आठवली. तेव्हा त्यानंही श्रीरंगला असंच थांबायला सांगितलं होतं.

नंतरचं: “तू तिथेच थांब दादा, मी कळवतो.” माधवनं बॅगची चेन अर्धी लावली होती. “बरं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नक्की कळव हं.” श्रीरंगनं फोन ठेवला होता.

दुसऱ्या रूपात काहीच सांगितलेलं नाही, पण चौदावं प्रकरण वाचलेल्याच्या कानात ते वाक्य अडकतं. त्याला कारण लगेच कळत नाही, आणि ते तसंच हवं.

संवादातली संबोधनंही याच वेळी तपासा. श्रीरंग आयुष्यभर “दादा” म्हणतो, दगा देतानाही. नेमक्या क्षणी त्याला “माधव” म्हणायला लावलंत तर लेखकानं बोट दाखवल्यासारखं होतं. नलिनीला दोघंही कसं हाक मारतात हे पहिल्या प्रकरणात ठरलं की बदलू नका. मोठा “नले” म्हणतो, धाकटा “ताई”. इंदूरच्या घरात “रजिस्ट्री” हा शब्द सहज येतो, पुण्यातला माधव तेच बोलताना “दस्त” म्हणतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच कागदाला दोन नावांनी हाक मारतात, एवढ्यानंच त्यांच्यातलं अंतर दिसतं. त्यावर वेगळं भाष्य नको.

शेवटी समेट घडवायचा की नाही, हे मी सांगणार नाही. एक मात्र काढून टाका: तिघं जुन्या घरात भेटतात आणि त्या रात्रीबद्दल मोकळेपणानं बोलतात, तो प्रसंग. बोलायचंच असेल तर नलिनीला बोलू द्या, तेही दोघांपैकी एकाशीच, आणि तिच्या सांगण्यातही तिनं स्वतःचा वाटा थोडा कमी करून सांगितलेला असावा.

## शेवटची चाचणी

खर्डा दोन वाचकांना द्या, शक्यतो एक थोरलं भावंड आणि एक धाकटं. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: चुकलं कोणाचं? दोघांनी एकच नाव घेतलं, तर ज्याचं नाव आलं त्याचं टप्पा २ मधलं पान पुन्हा लिहा आणि त्यातल्या दोन ओळी बाविसाव्या प्रकरणाच्या आधी कुठेतरी घाला. दोघांनी वेगवेगळी नावं घेतली तर त्या दोन भावांना हात लावू नका. दोघांपैकी कोणीच नलिनीचा उल्लेख केला नाही, तर चौदाव्या प्रकरणात ती वाढायला उठते त्या ओळीच्या आधी माधवला तिच्याकडे बघून एकदा विचारू द्या, “काय नले, बघून गेलो होतो ना मी?”